‘कितीले भाऊ?’ या कॉमेंटला पहिलं उत्तर काय द्यायचं

प्रश्न: नागपुरात मानेवाडा रोडला आमचं छोटं दुकान आहे. लाकडी नंदी, झुली, पूजेचं सामान. दुकानात मी आणि माझे मिस्टर, दोघंच. इन्स्टाग्रामवर नंद्यांचं रील टाकलं, साठेक कॉमेंट आल्या, बहुतेक ‘प्राइस?’ अशाच. सगळ्यांना ‘डीएम करा’ लिहिलं. दुकानात आले दोघं-तिघं. जो तो सांगतो, लवकर उत्तर द्या. लवकर म्हणजे किती लवकर? आणि ऑटो-रिप्लाय लावून टाकला तर जमेल का?

उत्तर:

ताई, मीसुद्धा याच धंद्यातला. महालात दुकान आहे. वर्षभर पितळेच्या समया-घंट्या विकतो आणि श्रावण लागला की तान्ह्या पोळ्याला लेकरं घरोघर ओढत नेतात त्या लाकडी नंद्यांनी अर्धं दुकान भरतं. मानेवाडा आमच्यापासून चांगला लांब आहे, त्यामुळे हातचं राखून काही सांगत नाही.

तुम्ही उत्तर उशिरा दिलं असं मला वाटत नाही. ‘डीएम करा’ हे तुम्ही कदाचित पाच मिनिटांतच लिहिलं असेल. पण समोरच्या बाईनं विचारलं ‘केवढ्याचा?’ आणि तुम्ही तिला एक काम सांगितलं. काउंटरवर असं करून पाहा. गिऱ्हाईक नंदीवर बोट ठेवून किंमत विचारतं आणि आपण म्हणतो, ‘मागच्या दारानं या, मग सांगतो.’ कोण येईल? फोनवर तर बोट सरकवलं की पुढचं रील हजर असतं. म्हणून माझ्या लेखी प्रश्न दोन आहेत. उत्तर किती वेळात गेलं हा एक, आणि त्या उत्तरात समोरच्याच्या हाती काही पडलं का, हा दुसरा. दुसरा सुधारला नाही तर पहिल्यात कितीही धावपळ केली तरी गल्ल्यात फरक पडत नाही.

‘चौकशी’ कशाला म्हणायचं, तेही ठरवून घ्या. ‘सुंदर’, हात जोडलेले इमोजी, ‘प्राइस?’, यांतलं काहीच अजून चौकशी नाही. मी तीन गोष्टी कळल्या की चौकशी धरतो: माणसाचं नाव, नेमकी कोणती वस्तू आणि ती त्याला कधी हवी. या तीन मिळेपर्यंत बोलणं चालू ठेवायचं, मिळाल्या की बोलणं थांबवून वस्तू बाजूला काढायची. बस.

आता एक संवाद सांगतो, पोळ्याच्या आठवडाभर आधीचा. रात्री पावणेदहाला एका रीलखाली एका बाईची कॉमेंट आली, ‘कितीले भाऊ?’ रीलमध्ये पाच-सहा मापांचे नंदी होते, म्हणजे कोणता ते तिनं सांगितलंच नव्हतं. आधी मीही अशा वेळी ‘कोणता ताई?’ असं विचारायचो आणि तिथंच गाडी थांबायची. या वेळी माझ्या पुतण्यानं तिथंच, सगळ्यांना दिसेल असं, लिहिलं:

‘ताई, ६ इंच ३५०, ९ इंच ७००, १२ इंच ११००, चाकं आणि झुलीसकट. लेकरू किती वर्षांचं आहे? त्यावरून माप सांगतो.’

दोन ओळींत किंमत दिली आणि एकच प्रश्न विचारला. तो प्रश्न नीट पाहा. ‘तुम्हाला कोणता पाहिजे?’ असं विचारलं की समोरचा विचारात पडतो, कारण त्यालाच ते माहीत नसतं. लेकराचं वय मात्र प्रत्येकाला माहीत असतं, उत्तर द्यायला दोन सेकंद लागतात. आणि त्यावरून आपल्याला खरंच सल्ला देता येतो. चार वर्षांच्या लेकराला १२ इंचाचा नंदी ओढवत नाही. दोन घरं झाली की तो बाबांच्या खांद्यावर येतो आणि बोजारा मागायला लेकरू मोकळ्या हातानं पुढं. हे आपल्याला दुकानात बसून माहीत आहे, गिऱ्हाइकाला नाही.

तिनं लिहिलं, ‘४ वर्षांची मुलगी आहे.’ पुतण्यानं लिहिलं, ‘मग ९ इंच पुरे. लाल आणि पांढरा, दोन्ही आहेत. मेसेज टाका, समोर असलेल्या नगांचेच फोटो पाठवतो.’ इथं आम्हीही ‘मेसेज टाका’च म्हटलं, ‘डीएम करा’सारखंच. फरक एवढाच, की आता मेसेज टाकला की काय मिळणार ते तिला माहीत आहे. किंमत लपलेली नाही, मिळणार आहेत ते फोटो.

मेसेज आला. दोन फोटो गेले. त्या फोटोंबद्दल एक सांगतो, कारण इथं बरेच जण चुकतात. कॅटलॉगमधला पांढऱ्या पडद्यावरचा गुळगुळीत फोटो या वेळी पाठवू नका. दुकानाच्या फरशीवर नंदी ठेवा, शेजारी टेलरचा टेप उलगडून ठेवा आणि फोटो काढा. ‘९ इंच’ म्हणजे नेमकं केवढं हे लोकांना आकड्यावरून कळत नाही, टेपवरून कळतं. शिवाय फोटोतली वस्तू दुकानात खरंच आहे, हा भरवसा बसतो. फोटोंसोबत पुतण्यानं विचारलं, ‘पोळ्याच्या आधी कधी नेता येईल?’ ती म्हणाली, शनिवारी संध्याकाळी. ‘नाव सांगा, चिठ्ठी लावून ठेवतो. शनिवारी रात्री ८ पर्यंत तुमचाच.’ मग दुकानाचं लोकेशन. सगळं मिळून अकरा-बारा मिनिटं लागली, आणि नाव, वस्तू, दिवस तिन्ही हाती आलं. शनिवारी त्या बाई आल्या आणि वर घुंगरमाळही घेऊन गेल्या.

आता तुमचा ‘किती लवकर?’ हा प्रश्न. हे माल आणि हंगाम यांवर आहे, सगळ्यांना एकच आकडा सांगणारा माणूस दुकानात बसलेला नसतो. पोळ्याच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत मी पंधरा मिनिटांच्या आत उत्तर जावं असं पाहतो. कारण त्या दिवसांत विचारणारा माणूस चार दुकानांना एकदमच विचारतो आणि ज्याच्याशी बोलणं आधी जमलं तिथं जातो. फोन अजून त्याच्या हातात असताना आपलं उत्तर पोचलं तर संवाद होतो. तो फोन ठेवून जेवायला बसला की आपलं उत्तर उद्याच्या सूचनांच्या ढिगात जातं. वर्षाच्या बाकीच्या दिवसांत समईची किंमत विचारणाऱ्याला त्याच दिवशी उत्तर मिळालं तरी चालतं. समई कोणी पळत येऊन घेत नाही.

पण दोघांच्या दुकानात दिवसभर फोन हातात धरून बसणं शक्य नाही आणि तसं करूही नका. समोर उभ्या गिऱ्हाइकाला सोडून फोनवर टाइप करणारा दुकानदार मलाही आवडत नाही. आम्ही वेळा ठरवल्या आहेत. सकाळी दुकान उघडल्यावर वीस मिनिटं, दुपारी मंदीच्या वेळी दोनदा डोकावणं आणि रात्री दुकान बंद झाल्यावर ९ ते १०.३० सलग. ही शेवटची वेळ सगळ्यांत महत्त्वाची. माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त प्रश्न याच दीड तासातले असतात. जेवणं उरकून, लेकरं झोपवून माणूस फोन पाहत पडलेला असतो. तुमच्याकडे नेमकी कधी गर्दी होते हे तुमच्याच कॉमेंटांच्या वेळा पाहून ठरवा. रील टाकायची वेळही त्याच हिशेबानं धरा. दुपारी एक वाजता रील टाकून तुम्ही दोघं गिऱ्हाइकात अडकलात तर पहिल्या तासाचे सगळे प्रश्न वाया जातात. आम्ही रील रात्री पावणेनऊला टाकतो, आणि ज्याच्या हातात फोन तो पुढचा दीड तास दुसरं काही करत नाही. घरात आळीपाळीनं करा. तुम्ही एक दिवस, मिस्टर एक दिवस. दोघंही रोज पाहणार असं ठरलं की दोघंही समजतात, दुसऱ्यानं पाहिलं असेल.

आता अशी एक जागा सांगतो जिथं माझं स्वतःचं नुकसान झालं. इन्स्टाग्रामवर ज्यांना आपण फॉलो करत नाही, त्यांचे मेसेज सहसा मुख्य इनबॉक्समध्ये न येता `Requests` नावाच्या वेगळ्या खणात पडतात, आणि त्यांची सूचना वाजेलच असं नाही. गिऱ्हाइकाला आपण फॉलो करत नसतोच. म्हणजे नवं गिऱ्हाईक नेमकं तिथं जाऊन पडतं. एका वर्षी पोळा होऊन तीन आठवडे झाल्यावर मी तो खण पहिल्यांदा उघडला. वीसेक मेसेज. ‘१८ इंचाचा आहे का?’, ‘शाळेसाठी ३० नग लागतील, रेट सांगा’, ‘भैया, दुकान कितने बजे तक खुला है?’ त्या तीस नगांच्या मेसेजखाली चार दिवसांनी आणखी एक होता: ‘राहू द्या, घेतले.’ त्याच खणात आत `Hidden Requests` म्हणून आणखी एक कोपरा असतो, गाळणीला संशयास्पद वाटलेलं तिथं जातं. त्यात बहुतेक कचराच असतो, पण आठवड्यातून एकदा नजर टाका. कॉमेंटांचंही तसंच, काही आपोआप लपवल्या जातात.

हीच गोष्ट उलट बाजूनंही होते, आणि ‘डीएम करा’पेक्षा ‘डीएम केलंय, पाहा’ हे आणखी का फसतं ते यातून कळेल. तुम्ही कॉमेंटवाल्याला स्वतःहून मेसेज केलात की तोही त्याच्या `Requests` मध्ये पडू शकतो. त्याला पत्ताच नसतो. तुमच्या बाजूनं उत्तर पाच मिनिटांत गेलं, त्याच्या बाजूनं आलंच नाही. कॉमेंटखाली दिलेल्या उत्तराची सूचना मात्र त्याला सरळ जाते. म्हणून पहिलं उत्तर नेहमी कॉमेंटखालीच, आणि मेसेजची सुरुवात त्याच्याकडून होऊ द्यायची.

एक सावधगिरी. साठ कॉमेंटांना तेच वाक्य कॉपी करून धडाधड चिकटवू नका. इन्स्टाग्रामला ते स्पॅम वाटतं आणि कॉमेंट करायलाच काही काळ बंदी येऊ शकते. ती नेमकी हंगामात आली की हात चोळत बसावं लागतं. वाक्याचा साचा एकच ठेवा, पण नाव घाला, विचारलेलं माप घाला, दोन शब्द मागेपुढे करा. ज्या भाषेत विचारलं त्याच भाषेत उत्तर द्या. आपल्याकडे अर्धे लोक ‘कितने का है’ म्हणतात. त्यांना शुद्ध मराठीत उत्तर दिलं तर बिघडत काही नाही, पण हिंदीत दिलं की बोलणं मोकळं होतं.

आता किंमत उघड लिहायची का, हा वाद. ‘शेजारचा पाहून पन्नास रुपयांनी कमी करतो’, हे मीही म्हणत होतो. शेजारच्याला किंमत पाहायची तर तो दुकानात माणूस पाठवून पाहतोच. आपण लपवतो ती फक्त गिऱ्हाइकापासून. तयार मालाची किंमत मी सरळ लिहितो. जिथं काम मागणीप्रमाणे असतं, म्हणजे नंदीवर नाव रंगवणं, शिंगांना बेगड किंवा मोठा सागवानी नंदी, तिथं एक आकडा सांगता येत नाही. तिथं पट्टा सांगा आणि तो कशानं बदलतो तेही सांगा: ‘१८ इंच २६०० पासून ३४०० पर्यंत. लाकूड आणि रंगकाम जसं, तसं.’ नुसतं ‘डिपेंड करतं’ म्हणू नका, लोकांना ती टाळाटाळ वाटते. मागणीच्या कामाला मी अर्धे पैसे आधी घेतो, कारण ‘आर्यन’ लिहिलेला नंदी दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. तयार नगाला आगाऊ काही घेत नाही, फक्त वेळ ठरवून ठेवतो. ती वेळ गेली की नग परत फळीवर.

ऑटो-रिप्लायबद्दल माझं मत थोडं कडवट आहे, कारण त्यानंही मला धडा दिला. एका हंगामात मी मेसेज येताच जाणारं तयार उत्तर लावलं होतं: ‘नमस्कार! आमच्या नव्या कलेक्शनमध्ये आपलं स्वागत आहे!’ एका बाईनं तुटलेल्या शिंगाचा फोटो पाठवून विचारलं, हे बदलून मिळेल का? तिला ते स्वागत गेलं. तिनं त्याचा स्क्रीनशॉट काढून आमच्याच रीलखाली मैत्रिणीला टॅग केला. त्या रात्री मी ते बंद केलं.

याचा अर्थ तयार उत्तर वाईटच असं नाही. ते माणसाच्या जागी बसवू नका, माणूस कधी येणार हे सांगायला वापरा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये दोन गोष्टी असतात. एक अभिवादनाचा मेसेज, जो माणूस पहिल्यांदा किंवा चौदा दिवसांच्या शांततेनंतर लिहितो तेव्हा जातो. दुसरा गैरहजेरीचा, जो दुकानाच्या वेळेबाहेर जातो. पहिल्यात बरेच दुकानदार ‘संपर्क केल्याबद्दल धन्यवाद, आम्ही आपली काय मदत करू शकतो?’ असं ठेवतात. अहो, त्यानं आत्ताच तर सांगितलं काय हवं ते! मी एवढंच ठेवलं आहे: ‘मेसेज पोचला. दुकानात गर्दी नसेल तर लगेच, नाहीतर रात्री ९ नंतर नक्की उत्तर देतो. फोटो पाठवला असेल तर माप आणि लेकराचं वयही लिहून ठेवा, एकाच वेळी सांगता येईल.’ यात खोटं काही नाही आणि समोरचा तोवर रिकामा बसत नाही. गैरहजेरीच्या मेसेजबद्दल एक लक्षात ठेवा, फोनचं इंटरनेट चालू असेल तरच तो जातो. रात्री डेटा बंद करून झोपलात तर तो पडूनच राहतो.

‘कॉमेंटमध्ये अमुक शब्द लिहा, लिंक मेसेजमध्ये येईल’ असं करणारी साधनंही मिळतात. मेटाच्या नियमानं त्यांतून एका कॉमेंटला एकच मेसेज जातो, तोही सात दिवसांच्या आत. पुढचं बोलणं समोरच्यानं उत्तर दिलं तरच. दिवसाला दीडशे-दोनशे कॉमेंट येणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. साठ कॉमेंटा दोन माणसांना एका रात्रीत हातानं होतात, आणि हातानं दिलेल्या उत्तरात लेकराचं वय विचारता येतं. तुमच्या जागी मी असतो तर या वर्षी तो खर्च केला नसता.

व्हॉट्सॲपचा उपयोग मी दुसऱ्या कारणासाठी जास्त करतो. इन्स्टाग्रामवरचं बोलणं कुठं हरवतं कळत नाही, व्हॉट्सॲपवर ते नंबरासकट राहतं. म्हणून फोटो पाठवून झाले की मी विचारतो, ‘व्हॉट्सॲपवर येता का, लोकेशन आणि चिठ्ठीचा फोटो तिथं टाकतो.’ प्रोफाइलवर लिंक अशी ठेवली आहे:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Nandi%20pahije
```

`X` च्या जागी तुमचा दहा आकडी नंबर. आधी अधिकाचं चिन्ह नको, शून्य नको, मधे रेघा नकोत. `text=` च्या पुढचं वाक्य त्याच्या टाइपच्या चौकटीत आधीच लिहून येतं, त्याला फक्त पाठवा दाबायचं असतं. ही लिंक कॉमेंटमध्ये चिकटवून उपयोग नाही, इन्स्टाग्रामच्या कॉमेंटमधली लिंक दाबता येत नाही. ती प्रोफाइलवरच राहू द्या.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तयार ओळींचीही सोय आहे, `/` टाइप केलं की आपण साठवलेली उत्तरं समोर येतात. पन्नासपर्यंत साठवता येतात, मी सहाच ठेवली आहेत: मापं-किमती, पत्ता आणि वेळ, नाव रंगवायचे दर आणि लागणारे दिवस, घरपोच कुठं होतं, बदलून देण्याचा नियम, आणि ‘तुमचा नग बाजूला ठेवला’. यापेक्षा जास्त झाली की त्यांतून शोधण्यातच वेळ जातो. साठवलेली ओळ टाकल्यावर पाठवायच्या आधी पुढं त्या माणसाचं नाव टाइप करा. एवढ्यानं ती साठवलेली वाटत नाही. आणि एकच नंबर दोघांच्या फोनवर चालतो. मुख्य फोनला आणखी चार उपकरणं जोडता येतात, त्यामुळे मिस्टर घरी आणि तुम्ही दुकानात असलात तरी दोघांनाही तेच बोलणं दिसतं.

लोकांनी कॉमेंटमध्ये स्वतःचा नंबर टाकला, ‘कॉल करा’ म्हणून, तर तो टिपून घ्या, फोन करा आणि कॉमेंट लपवून टाका. असे नंबर उचलून दुकानाच्या नावानं फोन करणारे, आगाऊ यूपीआय मागणारे भामटे असतात. आमच्या एका गिऱ्हाइकाचे पाचशे रुपये असे गेले आणि तो तणतणत आमच्याच दुकानात आला. चूक आमची नव्हती, पण त्याचा नंबर दोन दिवस आमच्याच रीलखाली पडला होता, हेही खरं.

आता सगळ्यांत कंटाळवाणी पण मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट. काउंटरवर एक वही ठेवा. प्रत्येक प्रश्नाला एक ओळ: प्रश्न किती वाजता आला, आपलं पहिलं उत्तर किती वाजता गेलं, काय विचारलं, बोलणं कुठं थांबलं. ‘कुठं थांबलं’ हा रकाना नीट भरा. किंमत सांगितल्यावर गप्प झाला, फोटोनंतर गप्प झाला, येतो म्हणाला आणि आला नाही, असं. आठ दिवसांनी वही पाहिली की दुखणं दिसतं. बहुतेक जण किंमत ऐकून गप्प होत असतील तर उत्तरानं ते दुरुस्त होणार नाही, एक तर माल महाग आहे किंवा रील चुकीच्या लोकांना दिसतंय. आमच्या रीलला एकदा पुण्या-मुंबईहून खूप कॉमेंट आल्या, त्यांना तान्हा पोळा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. फोटोनंतर गप्प होत असतील तर फोटो वाईट आहेत. आणि येतो म्हणून येत नसतील तर दिवस पक्का न करताच बोलणं संपवलं आहे.

त्या शेवटच्यांसाठी मी ठरल्या दिवशी दुपारी एकच आठवण करतो: ‘ताई, तुमचा पांढरा ९ इंची बाजूला आहे, आज ८ पर्यंत. येणं जमत नसेल तर तसं कळवा, राग नाही.’ ‘राग नाही’ लिहायला लागल्यापासून ‘नाही जमत’ असं कळवणारे वाढले, आणि नग वेळेत फळीवर परत जाऊ लागले. दुसरी आठवण करत नाही. तान्ह्या पोळ्यालाच मारबतीची मिरवणूक असते आणि त्या दिवशी महालात दुकानापर्यंत गाडीच येत नाही. त्यामुळे ‘तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी येतो’ म्हणणाऱ्याला मी आधीच सांगतो, आदल्या दिवशीच या. तुमच्याकडे तशी अडचण नसेल, पण तुमच्या रस्त्याचं जे काही असेल, बाजाराचा दिवस, खोदकाम, पार्किंग, ते लोकेशनसोबतच लिहून टाका. दुकान सापडलं नाही म्हणून परत गेलेला माणूस आपल्याला कळवत नाही.

राहिल्या तुमच्या त्या साठ कॉमेंटा. आधी `Requests` उघडा, तिथं काही पडलेलं असेल तर त्यांना पहिल्यांदा उत्तर द्या. कारण त्यांनी तुमचं ‘डीएम करा’ ऐकलं होतं. मग गेल्या सात-आठ दिवसांतल्या कॉमेंटांखाली, आधीच्या उत्तराच्याच पुढं, किमती आणि वयाचा प्रश्न लिहा. ‘आधी किंमत सांगायची राहिली ताई’ एवढी सुरुवात पुरते. त्याहून जुन्या कॉमेंटांना हात लावू नका, त्यांनी नंदी एव्हाना घेतलाही असेल. आणि तेच रील उद्या रात्री नव्यानं टाकणार असाल तर मापं आणि किमती व्हिडिओच्या पहिल्या तीन सेकंदांतच लिहून टाका, म्हणजे ‘प्राइस?’ विचारणारे कमी होतील आणि ‘९ इंचाचा लाल आहे का?’ विचारणारे उरतील.